गृहकर्जाची पात्रता : आकडा आणि त्यामागील अटी

नोकरी करणारे नवविवाहित जोडपे घर घेण्याचा विचार करू लागले, की त्याच्यासमोर पहिला प्रश्न उभा राहतो तो म्हणजे 'आपल्याला कर्ज किती मिळेल?' या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा बँकेच्या अधिकाऱ्याकडून मिळत नाही. ते कर्ज मिळवून देणाऱ्या प्रतिनिधीकडून, म्हणजेच एजंटाकडून मिळते. दोघांच्या पगाराच्या पावत्या पाहून तो काही मिनिटांत एक आकडा सांगतो आणि त्या आकड्याच्या भरवशावर घराचा शोध, इसाराची रक्कम व विक्रेत्याशी बोलणी सुरू होतात. पुढे बँकेची मंजुरी मिळते तेव्हा हा आकडा कित्येकदा काही लाखांनी खाली आलेला असतो. प्रतिनिधीने खोटे सांगितलेले असतेच असे नाही. त्याने सांगितलेला आकडा काही गृहीतांवर उभा असतो आणि ती गृहीते सांगायची राहून गेलेली असतात. पात्रतेचा आकडा कसा तयार होतो, तो कोठे बदलतो आणि तो सांगताना कोणती सावधगिरी बाळगावी लागते, हे या लेखात एका उदाहरणाच्या आधारे पाहू.

प्रतिनिधीचे स्थान

बँका आणि गृहवित्त कंपन्या ग्राहक मिळवण्यासाठी बाहेरील व्यक्ती व संस्थांची नेमणूक करतात. त्यांना डायरेक्ट सेलिंग एजंट, म्हणजेच डीएसए असे म्हटले जाते. अर्ज भरून घेणे, कागदपत्रे गोळा करणे आणि ती शाखेपर्यंत पोहोचवणे हे त्यांचे काम होय. त्यांना मोबदला मिळतो तो कर्ज देणाऱ्या संस्थेकडून आणि तो सर्वसाधारणपणे वितरित झालेल्या कर्जाच्या प्रमाणात असतो. कर्ज जितके मोठे तितका मोबदला अधिक, हे लक्षात घेतले म्हणजे कमाल आकडा प्रथम का सांगितला जातो, याचा उलगडा होतो.

मात्र कर्ज मंजूर करण्याचा अधिकार प्रतिनिधीला नसतो. रिझर्व्ह बँकेने २००६ मध्ये बाह्यस्रोतांकडून सेवा घेण्याबाबत जी मार्गदर्शक तत्त्वे दिली, त्यांत कर्ज मंजुरीचा निर्णय हे बँकेने बाहेर सोपवू नये असे काम म्हणून स्पष्टपणे नमूद केले आहे. बँकांच्या संघटनेने प्रतिनिधींसाठी तयार केलेल्या आदर्श आचारसंहितेनुसार ग्राहकाची दिशाभूल करणे किंवा बँकेच्या वतीने अनधिकृत आश्वासन देणे निषिद्ध आहे. म्हणून 'तुमचे त्रेपन्न लाख पक्के' हे वाक्य प्रतिनिधीच्या अधिकाराबाहेरचे आहे. 'दिलेल्या माहितीनुसार अंदाजे इतकी पात्रता दिसते, अंतिम निर्णय बँकेचा' हे वाक्य त्याच्या अधिकारात बसते. यातील दुसरे वाक्य म्हणजे निव्वळ औपचारिकता नव्हे, हे पुढील हिशेबावरून स्पष्ट होईल.

पहिली मर्यादा : उत्पन्न

वडोदरा येथील एका जोडप्याचे उदाहरण हिशेबासाठी घेऊ. पतीचे वय २९ वर्षे असून त्याच्या हातात दरमहा ६२,००० रुपये पडतात. पत्नीचे वय २७ वर्षे असून तिला दरमहा ४८,००० रुपये मिळतात. दोघांचे मिळून उत्पन्न १,१०,००० रुपये होते. मोटारीच्या कर्जाचा ९,००० रुपयांचा हप्ता सुरू आहे. त्यांना ६५ लाख रुपये किमतीची तयार सदनिका घ्यावयाची आहे.

कर्ज देणारी संस्था प्रथम असा विचार करते की, या उत्पन्नातील किती भाग हप्त्यांसाठी वापरता येईल. सर्व कर्जांचे हप्ते मिळून उत्पन्नाच्या ठरावीक टक्क्यांपलीकडे जाऊ नयेत, अशी मर्यादा प्रत्येक संस्था आपल्या धोरणात घालते. तिला हप्ता-उत्पन्न गुणोत्तर म्हणता येईल. गृहकर्जासाठी सर्व संस्थांना लागू असलेली एकच टक्केवारी नाही. संस्थेप्रमाणे आणि उत्पन्नाच्या पातळीप्रमाणे ती बदलते. काही संस्था हातात पडणारा पगार धरतात, तर काही कपातीपूर्वीचा. अल्प उत्पन्नाच्या व्यक्तीला तिच्या गरजांसाठी पगाराचा मोठा हिस्सा लागतो, म्हणून तिच्यासाठी टक्केवारी कमी ठेवली जाते. आपल्या उदाहरणात ती हातातील पगाराच्या ५० टक्के आहे असे समजू.

१,१०,००० रुपयांचे ५० टक्के म्हणजे ५५,००० रुपये. त्यातून मोटारीचा ९,००० रुपयांचा हप्ता वजा केला की गृहकर्जाच्या हप्त्यासाठी ४६,००० रुपये उरतात. आता या हप्त्यात किती कर्ज बसेल ते पाहावयाचे. वार्षिक ८.५ टक्के व्याजदर आणि २० वर्षांची मुदत धरल्यास दर एक लाख रुपये कर्जामागे सुमारे ८६८ रुपये मासिक हप्ता पडतो. ४६,००० ला ८६८ ने भागले असता भागाकार ५३ येतो. प्रतिनिधीने सांगितलेले ५३ लाख रुपये ते हेच.

या हिशेबात मुदतीचा प्रभाव मोठा असतो. हीच मुदत ३० वर्षे केली तर लाखामागे हप्ता सुमारे ७६९ रुपयांवर येतो आणि तेवढ्याच ४६,००० रुपयांत जवळजवळ ६० लाखांचे कर्ज बसते. पगार एका रुपयानेही वाढलेला नसताना पात्रता सात लाखांनी वाढते. पण याची किंमत व्याजात मोजावी लागते. २० वर्षांत दर लाखामागे सुमारे १.०८ लाख रुपये व्याज जाते, ३० वर्षांत ते सुमारे १.७७ लाख होते. शिवाय पगारदार व्यक्तीचे कर्ज निवृत्तीच्या वयापर्यंत फिटावे अशी संस्थेची अपेक्षा असते. त्यामुळे तरुण जोडप्यांना लांब मुदत सहज मिळते आणि म्हणूनच मुदत वाढवून आकडा फुगवण्याचा मोहही त्यांच्या बाबतीत अधिक असतो.

दुसरी मर्यादा : घराचे मूल्य

उत्पन्न कितीही असले तरी घराच्या पूर्ण किमतीइतके कर्ज मिळत नाही. घराच्या मूल्याच्या किती टक्क्यांपर्यंत कर्ज देता येईल, याची कमाल मर्यादा रिझर्व्ह बँकेने ठरवून दिली आहे. तिला कर्ज-मूल्य गुणोत्तर म्हणतात. २०१५ मध्ये सुधारलेल्या नियमांनुसार ३० लाख रुपयांपर्यंतच्या कर्जासाठी ही मर्यादा ९० टक्के, ३० लाखांहून अधिक व ७५ लाखांपर्यंतच्या कर्जासाठी ८० टक्के आणि ७५ लाखांवरील कर्जासाठी ७५ टक्के आहे. येथे टप्पे पडतात ते कर्जाच्या रकमेवरून, घराच्या किमतीवरून नव्हे. या ठिकाणी अनेकांची गल्लत होते.

आपल्या उदाहरणातील ६५ लाखांच्या सदनिकेला ८० टक्क्यांचा टप्पा लागू होतो. म्हणजे कर्ज ५२ लाखांपलीकडे जाऊ शकत नाही. उत्पन्नावरून ५३ लाख आणि घराच्या मूल्यावरून ५२ लाख, असे दोन आकडे समोर आले की त्यांपैकी लहान आकडा खरा मानावयाचा. पात्रतेचा मूलभूत नियम हाच आहे.

याच ठिकाणी आणखी एक बाब ध्यानात घ्यावी लागते. मुद्रांक शुल्क व नोंदणी शुल्क यांचा समावेश घराच्या मूल्यात करता येत नाही. केवळ १० लाख रुपयांपर्यंतच्या घरांसाठी यात सवलत आहे. गुजरातमध्ये मुद्रांक शुल्क अधिभारासह ४.९ टक्के आणि नोंदणी शुल्क १ टक्का आहे. ६५ लाखांवर हे दोन्ही मिळून ३.८३ लाखांहून थोडे अधिक होतात. म्हणजे ५२ लाख कर्ज मिळाले असे धरले तरी घराच्या किमतीतील उरलेले १३ लाख आणि हे शुल्क मिळून जवळजवळ १६.८४ लाख रुपये जोडप्याला स्वतःजवळून घालावे लागतील. या जोडप्याजवळ १७ लाखांची बचत आहे. हिशेब जेमतेम जुळतो, असे पाहून ते विक्रेत्याला दोन लाख रुपये इसार देतात आणि उरलेली रक्कम ठरावीक मुदतीत देण्याचे लिहून देतात.

अंदाज आणि मंजुरी यांतील अंतर

अर्ज बँकेत पोहोचल्यावर हाच हिशेब पुन्हा मांडला जातो, परंतु या वेळी तो पगाराच्या पावत्या, बँकेचे खातेउतारे आणि पतअहवाल यांच्या आधारे होतो. तेथे तीन गोष्टी पुढे येतात.

पहिली गोष्ट म्हणजे पत्नीच्या ४८,००० रुपयांपैकी ८,००० रुपये हे कामगिरीवर आधारित प्रोत्साहन भत्ता आहेत. ते प्रत्येक महिन्यात सारखे येत नाहीत. स्थिर पगार पूर्ण धरावयाचा आणि बदलती रक्कम निम्मी धरावयाची, असे या बँकेचे धोरण आहे. काही संस्था ती मुळीच धरत नाहीत. त्यामुळे पत्नीचे मान्य उत्पन्न ४४,००० रुपये ठरते आणि दोघांचे मिळून १,०६,००० रुपये. याचे ५० टक्के म्हणजे ५३,००० रुपये.

दुसरी गोष्ट पतअहवालातून उघड होते. लग्नानंतर घेतलेला फ्रीज व मोबाइल यांचे 'बिनव्याजी' हप्ते सुरू आहेत आणि ते दरमहा ३,५०० रुपये आहेत. प्रतिनिधीने 'काही कर्ज आहे का?' असे विचारले तेव्हा जोडप्याला मोटार आठवली, हे हप्ते आठवले नाहीत. ते कर्ज आहे असे त्यांना वाटलेच नव्हते. कर्जमाहिती कंपनी मात्र त्याची नोंद कर्ज म्हणूनच ठेवते. आता ५३,००० मधून ९,००० व ३,५०० वजा जाता ४०,५०० रुपये उरतात. त्यात बसणारे कर्ज सुमारे ४६.६६ लाख होते आणि बँक ४६.५ लाख रुपये मंजूर करते.

येथे एक प्रमाण लक्षात ठेवण्याजोगे आहे. दरमहा ३,५०० रुपयांच्या किरकोळ हप्त्याने गृहकर्जाची पात्रता चार लाखांनी घटली. मोटारीच्या ९,००० रुपयांनी ती दहा लाखांहून अधिक घटली आहे. पात्रता ठरवताना मुख्यतः हप्त्याचा आकडा पाहिला जातो, शिल्लक रक्कम नव्हे. हप्त्यांवर घेतलेल्या वस्तूचे थोडेच पैसे उरले असतील तर अर्जापूर्वी ते फेडून टाकणे आणि त्याची नोंद पतअहवालात झाल्याची खात्री करून घेणे हितावह ठरते. कर्जमाहिती कंपन्यांकडून वर्षातून एकदा आपला संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. तो घर पाहण्याआधी मागवावा, इसार दिल्यानंतर नव्हे.

तिसरी गोष्ट घराच्या मूल्यांकनाची. बँकेने नेमलेला मूल्यांकनकार सदनिकेचे मूल्य ६० लाख ठरवतो. करारातील किंमत आणि मूल्यांकन यांपैकी जी रक्कम कमी असेल तिच्यावर कर्ज-मूल्य गुणोत्तर लावण्याची पद्धत आहे. ६० लाखांचे ८० टक्के म्हणजे ४८ लाख. या प्रकरणात उत्पन्नाची मर्यादा त्याहून खाली असल्याने मूल्यांकनाचा परिणाम दिसत नाही. परंतु प्रोत्साहन भत्ता पूर्ण धरला गेला असता आणि फ्रीजचे हप्ते नसते, तरीही या जोडप्याला ५२ लाख मिळाले नसते. ते ४८ लाखांवरच अडले असते.

आता परिणाम पाहू. विक्रेत्याला ६५ लाख द्यावयाचे आहेत आणि कर्ज ४६.५ लाख आहे. म्हणजे १८.५ लाख व शुल्काचे सुमारे ३.८४ लाख मिळून २२.३४ लाख रुपये स्वतःजवळचे हवेत. जोडप्याजवळ १७ लाख आहेत. साडेपाच लाखांच्या आसपास तूट येते आणि इसाराचे दोन लाख अडकून पडतात. अशा वेळी ही तूट वैयक्तिक कर्ज काढून भरण्याचा सल्ला दिला जातो. तो दोन कारणांनी घातक आहे. वैयक्तिक कर्जाचा व्याजदर गृहकर्जापेक्षा बराच अधिक असतो. शिवाय त्याचा हप्ता पतअहवालात आल्यावर, गृहकर्जाचे वितरण होण्यापूर्वी बँकेने पुन्हा तपासणी केली, तर मंजूर झालेली रक्कमही कमी होऊ शकते.

हा पेच टाळण्याचा मार्ग क्रम बदलण्यात आहे. पगाराच्या पावत्या, खातेउतारे व पतअहवाल बँकेला देऊन उत्पन्नावर आधारित तत्त्वतः मंजुरी आधी घ्यावी आणि मग घर निवडावे. इसार देणे अपरिहार्य असेल तर 'ठरावीक रकमेचे कर्ज मंजूर न झाल्यास इसार परत मिळेल' अशी अट लेखी स्वरूपात घालून घ्यावी. तत्त्वतः मंजुरीनंतरही मालमत्तेची कायदेशीर व तांत्रिक तपासणी बाकी असते, हेही विसरता कामा नये.

दोन पगारांवरील कर्ज

पती-पत्नीने एकत्रित अर्ज केला की दोघांचे उत्पन्न धरले जाते आणि पात्रता वाढते. ही बाब प्रतिनिधी आवर्जून सांगतो. तिची दुसरी बाजू अशी की, दोघेही संपूर्ण कर्जाला संयुक्तपणे व स्वतंत्रपणे जबाबदार होतात. पत्नीचे उत्पन्न ४० टक्के धरले होते म्हणून तिची जबाबदारी ४० टक्के, असा हिशेब नसतो. पतीने हप्ता भरला नाही तर बँक पत्नीकडे पूर्ण थकबाकी मागू शकते आणि थकबाकीची नोंद दोघांच्याही पतअहवालात होते.

सहकर्जदार आणि सहमालक हे दोन वेगळे शब्द आहेत. सहमालकांनी सहकर्जदार व्हावे असा आग्रह संस्था धरतात. पण सहकर्जदार सहमालक असलाच पाहिजे, असे बंधन सर्वसाधारणपणे नसते. त्यामुळे खरेदीखतावर केवळ एकाचे नाव आणि कर्जकरारावर दोघांच्या सह्या, अशी स्थिती उद्भवू शकते. ज्याचे नाव खरेदीखतावर नाही त्याच्या वाट्याला कर्जाची पूर्ण जबाबदारी येते, मालकी मात्र येत नाही. दोघांचे उत्पन्न वापरून पात्रता वाढवली जात असेल तर खरेदीखतावरही दोघांची नावे आहेत ना, हे सहीपूर्वी पाहणे आवश्यक आहे.

दुसरा प्रश्न असा की, वीस वर्षे दोन्ही पगार अखंड राहतील काय? ४६.५ लाखांच्या कर्जाचा हप्ता सुमारे ४०,३५० रुपये होतो. फ्रीजचे हप्ते संपले असे मानले, तरी मोटारीसह दरमहा ४९,३५० रुपये द्यावे लागतात. प्रसूतीनंतर कायद्यानुसार पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची सवेतन रजा मिळते, मात्र या काळात प्रोत्साहन भत्ता मिळेलच असे नाही आणि पुढे बाळाच्या संगोपनासाठी पतीने किंवा पत्नीने काही काळ नोकरी सोडण्याचा प्रसंग येऊ शकतो. समजा, पतीचा ६२,००० रुपयांचा पगारच उरला. हप्ते जाता १२,६५० रुपये शिल्लक राहतात. एवढ्यात तिघांचा महिना काढावयाचा आहे. बँकेच्या हिशेबात हे जोडपे पात्र होते आणि तो हिशेब चुकलेलाही नव्हता. मात्र तो अर्जाच्या दिवशी असलेल्या उत्पन्नाचा होता.

म्हणून पात्रता आणि ऐपत यांत भेद करावा लागतो. एक साधी कसोटी अशी : मोठा पगार पूर्ण आणि दुसरा पगार निम्मा धरून हिशेब करावा. आपल्या उदाहरणात ६२,००० अधिक २२,००० म्हणजे ८४,००० रुपये होतात. त्याचे निम्मे ४२,०००. मोटारीचा हप्ता वजा जाता ३३,००० रुपये उरतात आणि त्यात सुमारे ३८ लाखांचे कर्ज बसते. एकच पगार उरला तर हप्ते भागवून हातात सुमारे २०,००० रुपये राहतात. ही कसोटी कोणत्याही नियमात नाही, ती कर्जदाराने स्वतःसाठी लावावयाची आहे. शिवाय सहा महिन्यांच्या हप्त्यांइतकी रक्कम घरखरेदीच्या बचतीपासून वेगळी काढून ठेवली पाहिजे. ४०,३५० रुपयांच्या हप्त्यासाठी ती सुमारे २.४२ लाख होते. हप्ता ९० दिवसांहून अधिक काळ थकला की खाते अनुत्पादक ठरते आणि २००२ च्या सरफेसी कायद्यानुसार संपूर्ण रक्कम फेडण्यासाठी ६० दिवसांची नोटीस देऊन बँक पुढे तारण मालमत्तेचा ताबा घेऊ शकते. सहा महिन्यांची ही शिलकी नव्या नोकरीसाठी सवड देते.

बदलता व्याजदर

पात्रतेच्या हिशेबातील ८.५ टक्के हा दर वीस वर्षे तोच राहणार नाही. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची नवी बदलत्या दराची गृहकर्जे रेपो दरासारख्या बाह्य मानकाशी जोडलेली असतात. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर ४ टक्क्यांवरून ६.५ टक्क्यांवर गेला, म्हणजे वर्षाच्या आत त्यात अडीच टक्क्यांची भर पडली.

आपल्या जोडप्याच्या कर्जावर याचा परिणाम पाहू. कर्ज घेतल्यानंतर लगेचच दर ८.५ वरून १०.५ टक्के झाला असे समजू. ४६.५ लाखांवर एका महिन्याचे व्याज तेव्हा सुमारे ४०,६९० रुपये होते. हप्ता मात्र ४०,३५० रुपये आहे. म्हणजे हप्ता न बदलता केवळ मुदत वाढवावयाचे ठरवले तर संपूर्ण हप्ता भरूनही व्याज फिटणार नाही आणि मुद्दल कमी होण्याऐवजी वाढत जाईल. वीस वर्षांत कर्ज फेडावयाचे तर हप्ता सुमारे ४६,४२५ रुपये करावा लागेल, म्हणजे दरमहा सहा हजारांची वाढ.

दर वाढत असताना अनेक कर्जदारांच्या मुदती त्यांना पुरेशी कल्पना न देता वाढवल्या गेल्याच्या तक्रारी झाल्या. त्यानंतर रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये याबाबत निर्देश दिले. दर बदलल्यास हप्ता किंवा मुदत यांवर काय परिणाम होऊ शकतो हे मंजुरीच्या वेळीच सांगावे, दर बदलताना हप्ता वाढवणे, मुदत वाढवणे किंवा दोन्ही यांतून निवड करण्याची मुभा कर्जदाराला द्यावी आणि मुदतवाढीमुळे व्याजही न फिटण्याची अवस्था येऊ देऊ नये, असे त्यांत म्हटले आहे. दर दोन टक्क्यांनी वाढल्यास हप्ता किती होईल, हा प्रश्न अर्जाच्या वेळीच प्रतिनिधीला विचारला पाहिजे.

सावधगिरीची भाषा

आता सुरुवातीच्या आकड्याकडे पुन्हा पाहता, तो सांगताना कोणत्या गोष्टी जोडल्या पाहिजेत हे स्पष्ट होते. 'तुमची पात्रता ५३ लाख' या वाक्यात व्याजदर, मुदत, कोणते उत्पन्न धरले, कोणते हप्ते वजा केले आणि घराचे मूल्य किती मानले, या पाच बाबी गृहीत आहेत. जबाबदार प्रतिनिधी त्या बोलून दाखवतो. शक्य तर लिहून देतो. उत्पन्न व हप्ते कागदपत्रांवरून तपासले जातील, रक्कम त्यानुसार कमी होऊ शकेल आणि मंजुरीपूर्वी विक्रेत्याला पैसे देऊ नयेत, हेही तो सांगतो. यातील एकही बाब तो सांगत नसेल तर जोडप्याने ती विचारून घ्यावी.

ज्या खुणांवरून सावध व्हावे त्याही फारशा गूढ नाहीत. चालू हप्ते अर्जात दाखवू नका असे सुचवणे, पगाराच्या पावतीत फेरफार करून देण्याची तयारी दाखवणे, मंजुरीची हमी म्हणून स्वतःसाठी रोख रक्कम मागणे किंवा विमा घेतल्याशिवाय कर्ज मिळणारच नाही असे सांगणे, यांपैकी काहीही घडल्यास त्या प्रतिनिधीशी व्यवहार थांबवावा. कर्जाची माहिती लपवणे निष्फळ ठरते, कारण पतअहवालात ती दिसतेच. खोट्या कागदपत्रांची जबाबदारी तर अर्जावर सही करणाऱ्यावर येते. एकाच वेळी चार-पाच संस्थांकडे अर्ज पाठवण्याचाही फायदा होत नाही. प्रत्येक अर्जाची चौकशी पतअहवालात नोंदली जाते आणि थोड्या काळात अनेक चौकश्या दिसल्या तर पतगुणांकावर विपरीत परिणाम होऊ शकतो.

तोंडी आकड्याची जागा घेणारा अधिकृत कागद म्हणजे मुख्य तथ्य विवरणपत्र. १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या किरकोळ कर्जांसाठी ते करारापूर्वी देणे बंधनकारक आहे. त्यात कर्जाची रक्कम, मुदत, हप्ता, सर्व शुल्के आणि शुल्कांसह पडणारा वार्षिक दर एकत्र दिलेला असतो. त्यात नमूद न केलेले शुल्क कर्जदाराच्या स्पष्ट संमतीविना आकारता येत नाही. विचार करण्यासाठी किमान तीन कामकाजाचे दिवस मिळतात. त्या तीन दिवसांत विवरणपत्रातील हप्ता आणि प्रतिनिधीने सांगितलेला हप्ता शेजारी ठेवून पाहावेत आणि एकच पगार उरल्यास तो भरता येईल का, याचा हिशेब दोघांनी मिळून करावा.